तीव्र नाराजी

माझी मोठी बहीण दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिथंच तिचं शिक्षण संपलं. आम्ही राहायचो शेतवस्तीवर. वस्तीपासून गाव लांब, गावापासून तालुका त्याहून लांब, आणि मध्ये जी वाट होती ती पावसाळ्यात बैलसुद्धा नाखुशीनं चालायचे. नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा दुसऱ्याच्या शेतात सालानं राहायचे. वर्षभराचं काम आधीच बांधून दिलेलं, त्यामुळं त्यांचा दिवस त्यांचा स्वतःचा नसायचा. पोरीला कॉलेजात सोडायला-आणायला जाणार कोण, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारलासुद्धा नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

माय बियाण्याच्या प्लॉटवर जायची. मिरचीच्या फुलातले केसर संध्याकाळी चिमट्यानं काढून टाकायचे आणि सकाळी ऊन चढायच्या आत त्या फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, असं ते काम. आमच्या भागात कंपन्यांचं संकरित बियाणं असं बायांच्या बोटांतून तयार होतं. दहावीचा निकाल लागल्यावर ताई मायच्या शेजारच्या ओळीत उभी राहिली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, केदारखेड्याला. ताई रडली नाही की रुसली नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

माझी पाळी येईपर्यंत काही गोष्टी बदलल्या. नानांनी साल सोडलं आणि घरची जमीन कसायला घेतली. आणि वस्तीजवळच्या फाट्यावरनं डांबरी सडक गेली, तिच्यावरनं सकाळी धावड्याकडून येणारी बस तालुक्याला जायला लागली. गावातल्या शाळेतही तोवर अकरावी-बारावीचे वर्ग निघाले होते, बारावीपर्यंत मी तिथं पायी गेले. मंग मी नानांना म्हणाले, बी.ए.ला नाव घालते. नाना म्हणाले, "बस हाय तर जा." परवानगी एवढीच होती, आणि तिच्यात अटही होती. बस आहे तर.

फाट्यावरून आम्ही तिघी जायचो. मी, माझी चुलत बहीण, आणि पलीकडच्या वस्तीवरची एक. तो थांबा कागदावर विनंती थांबा होता, म्हणजे प्रवाशानं हात केला की गाडी थांबवायची. पण सकाळची गाडी भरून यायची. ड्रायव्हर लांबूनच आम्हाला बघायचा, गाडी थोडी हळू करायचा, कंडक्टर दारातनं हात हलवायचा, मागच्या गाडीनं या म्हणून, आणि धूळ उडवून गाडी निघून जायची. मागची गाडी दुपारी होती. तिनं गेलं तर कॉलेज सुटलेल्या पोरी उलट्या बाजूनं येताना भेटायच्या.

आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा असं व्हायला लागलं. पहिला तास मराठीचा, दुसरा अर्थशास्त्राचा. दोन्हीकडं गैरहजेरी. आमच्या कॉलेजात हजेरी कमी भरली की परीक्षेला बसू देत नसत, आणि हे नुसतं नोटिशीपुरतं नव्हतं, आदल्या वर्षी खरंच काहीजणांना बसू दिलं नव्हतं. मला माझ्या घराचा हिशोब माहीत होता. एक वर्ष वाया गेलं की नाना दुसरं वर्ष देणार नाहीत. रागानं नव्हे, सवयीनं. ताईच्या वेळी जसं कुणी काही बोललं नाही, तसंच माझ्याही वेळी होईल.

दिवाळीनंतर एकदा सलग तीन दिवस गाडी थांबली नाही. चुलत बहिणीनं दगड उचलला. मी म्हणाले, ठेव खाली. तिनं ठेवला, पण नंतर दिवसभर ती माझ्याशीच बोलली नाही.

गोष्ट घरी गेली, घरातनं गिरणीवर गेली, आणि गिरणीवरनं पत्रकाराकडं. आमच्या गावात एक गृहस्थ होते, जालन्याच्या एका पेपराला बातम्या पाठवायचे. मोटारसायकलवर पुढं लाल अक्षरात प्रेस लिहिलेलं. गावातलं प्रत्येक निवेदन तेच लिहायचे. रस्त्यावरचा दिवा बंद पडू दे, नळाला पाणी न येऊ दे, मोबाइलचं टॉवर वाकडं होऊ दे, निवेदन त्यांचंच. शब्द ठरलेले असायचे, फक्त विषयाची ओळ बदलायची. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पत्र म्हणजे असंच असतं, ही सगळ्यांची समजूत.

त्यांनी आमचं पत्र गिरणीसमोर उभं राहून वाचून दाखवलं. विद्यार्थिनींमध्ये संतापाची तीव्र लाट उसळली आहे. ग्रामस्थांच्या संयमाचा बांध फुटला आहे. चालक-वाहकांच्या मुजोरीबद्दल जनतेत प्रचंड रोष आहे. बस वारंवार थांबत नाही. हा प्रकार तात्काळ बंद न झाल्यास उग्र आंदोलन छेडण्यात येईल आणि होणाऱ्या परिणामांस आगार प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील. कळावे, आपले, समस्त संतप्त ग्रामस्थ.

आम्हा तिघींना ते फार आवडलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. आमचं एवढंसं दुखणं, त्याची एकदम लाट झाली.

नानांनी मात्र विचारलं, "छेडण्यात येईल म्हंजी? छेडणार कोण?"

"तसं लिहावं लागतं नाना," पत्रकार म्हणाले. "त्याच्याबिगर साहेब लोक वाचतच न्हाईत."

"आन् संतप्त कोण?"

"तुम्हीच की. पोरगी तुमची."

नानांनी दाढीवरनं हात फिरवला. पीठ दळायला आलेल्या एकानं हसून विचारलं, "काय नाना, संतप्त झालात का?" नाना म्हणाले, "व्हावं लागंल आसं दिसतंय." आणि सही केली. खाली माझ्या चुलत्यांनी केली, त्याखाली पलीकडच्या वस्तीवरच्या पोरीच्या वडलांनी. पत्रकारांची सही नव्हती. ती का नाही, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पत्र आगारात गेलं. आठ-दहा दिवस काही झालं नाही, बस पूर्वीसारखीच कधी थांबत होती, कधी नाही. मंग एके दुपारी आमच्या अंगणात पोलीस ठाण्यातले जमादार आले.

भला माणूस होता. बाजेवर बसला, पाणी मागून प्यायला, आणि मंग पिशवीतनं कागद काढले. "मामा, इथं सही करा. धरून न्यायला न्हाई आलो."

"मंग कशाला आल्ते साहेब?"

"नोटीस बजवायला. तुम्ही उग्र आंदोलन करून राह्यले ना?"

नाना हातातला विळा दाखवून म्हणाले, "मी तूर सोंगून राह्यलो."

जमादार हसले, पण कागद मागं घेतला नाही. त्यावर लिहिलं होतं की आपण आंदोलनाचा इशारा दिला आहे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल, आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. मीच ती नानांना वाचून दाखवली. वाचताना मला एवढं कळत होतं की आमच्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं आमच्याकडंच परत आलंय, फक्त जबाबदार राहणारा बदललाय.

दुसरी नोटीस चुलत्यांकडं गेली, तिसरी पलीकडच्या वस्तीवर. त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे सडकेवर पळायचा. चुलत्यांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली, भरतीच्या वेळी घराची चौकशी होते आणि त्यात हे निघालं तर. संध्याकाळी ते आमच्याकडं आले आणि उभ्या उभ्याच बोलले. "नाना, पोरींच्या बशीपायी माझ्या पोराची भरती बुडंल. माझी पोरगी उद्यापासून घरी. तुमचं तुम्ही बघा."

चुलते गेले. नानांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. मंग मला म्हणाले, "तू बी थोडे दिवस घरी बस. शांत होऊ दे."

"किती दिवस?"

"शांत होईल तोवर."

"कोण शांत व्हायचंय?"

"सगळेच," नाना म्हणाले.

आमच्या घरात थोडे दिवस कसे लांबत जातात, हे मी ताईच्या वेळी बघितलं होतं.

मी पाच-सहा दिवस घरी बसले. मंग परीक्षेच्या फॉर्मचं निमित्त निघालं आणि नाना म्हणाले, मी बी येतो. मला वाटलं, सोबतीला. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांना आगारात जाऊन साहेबांना भेटायचं होतं आणि त्या पत्रावरनं आपलं नाव काढून घ्यायचं होतं. सही पुसता येत नाही हे मी त्यांना सांगितलं. "इचारायला काय हरकत हाय," ते म्हणाले.

आगार व्यवस्थापक चाळिशीचे असतील. टेबलावर डबा उघडा होता, एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्या हातानं फोन धरून कुठल्यातरी बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलत होते. फोन संपल्यावर म्हणाले, "बसा मामा. बोला."

नानांनी गावाचं नाव सांगितलं. "आमचं एक पत्र आल्तं. त्यातनं माझं नाव काढून टाका."

"ते पत्र माझ्याकडं नाहीच. ते ठाण्यात आहे."

"तुमाला लिव्हलेलं पत्र ठाण्यात कसं?"

व्यवस्थापकांनी डबा बाजूला सारला. ते सांगायला लागले, आवाज न चढवता, बहुधा आधीही कितीतरी जणांना सांगितलं असेल. आगारात आलेलं पत्र कारकून वाचतो. त्यात आंदोलनाचा इशारा असला की ते ठाण्याला कळवावं लागतं. उद्या कुणी गाडीवर दगड टाकला तर त्यांनाच विचारतात, पत्र आलं होतं तर सांगितलं का नाही. एकदा ते ठाण्यात गेलं की तो बंदोबस्ताचा विषय होतो. ठाणं अहवाल मागतं, आगार अहवाल देतं, आणि थांब्याचं राहून जातं. "आणि मामा, मला तुमच्या पत्रावर काही करायचं असतं तरी करता आलं नसतं. वारंवार लिहिलंय. वारंवार म्हणजे कुठल्या तारखेला? तारीख सांगितली तर त्या दिवशी त्या गाडीवर कोण होतं ते मी काढू शकतो. वारंवारवर कोण होतं ते कसं काढू?"

नाना ऐकत होते.

"तुम्ही एवढे संतापले होतात का, मामा?"

"न्हाई साहेब," नाना म्हणाले. "मी कावलोय. संतापलो आसतो तर गाडीम्होरं आडवा झालो आसतो. पत्र कशाला लिव्हलं आसतं?"

व्यवस्थापक हसले. "मग कावलेल्या माणसाचं पत्र द्या की. ते वाहतूक शाखेत जातं. संतप्त माणसाचं ठाण्यात जातं."

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "मानूस बरा हाय." त्यांचं नाव काही निघालं नव्हतं, पण ते त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

माझ्यापुढं वेगळीच अडचण होती. कावणं हा आमच्या घरातला शब्द. रोजरोज तेच ते होऊन माणूस आतनं वैतागून जातो, ओरडत नाही, पण आता पुरे झालं असं त्याच्या तोंडावर दिसतं, ते कावणं. पत्रात असं लिहिता येत नाही, की आम्ही कावलो आहोत, कृपया बस थांबवावी. पत्रातला तेवढ्याच वजनाचा शब्द कोणता, हे मला येत नव्हतं. इंग्रजीच्या सरांनी आमच्याकडून अनॉइड, इरिटेटेडपासून फ्युरियस, लिव्हिडपर्यंत रागाचे शब्द पाठ करून घेतले होते, चढत्या क्रमानं. क्रम बरोबर लिहिला की गुण मिळायचे. कुठल्या पत्रात कुठला घालायचा, हे कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी मी मराठीच्या मॅडमना भेटले. आमच्या पेपरला तक्रारपत्राचा भाग होता, तो त्या शिकवायच्या. त्यांना मी मोबाइलवरचा त्या पत्राचा फोटो दाखवला, नोटिशीचंही सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मंग मला घेऊन वर्गात आल्या आणि धडा बाजूला ठेवून सगळ्यांना विचारलं, "तुमच्या घरी रागाला काय काय म्हणतात?"

एक म्हणाली, रुसणे. दुसरी म्हणाली, फुगणे. मागनं एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्या बापाकडं शब्द नसतो. चप्पल असती." सगळे हसले, मॅडमही. मंग शब्द यायलाच लागले. वैतागणे, चिडणे, वसकणे, खवळणे, भडकणे. मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या आणि विचारत गेल्या, कोण कुणावर? रुसणारी आपल्याच माणसावर रुसते, परक्यावर कुणी रुसत नाही. वसकतो तो मोठा असतो, लहान माणूस वसकला तर त्याला उद्धट म्हणतात. खवळलेला माणूस घटकाभरानं शांत होतो.

मंग मॅडम पत्रात वापरायच्या शब्दांकडं वळल्या. "गैरसोय," त्या म्हणाल्या, "म्हणजे बसायला जागा मिळाली नाही. त्यावर उत्तर येतं, नोंद घेतली. खेद लिहिलात तर तुमचीच चूक झाल्यासारखं वाटतं. चीड माणसावर असते. तुम्हाला ड्रायव्हर बदलून हवा आहे का बस थांबून हवी आहे? संताप हा जमावाचा शब्द झालाय, पेपरांनी केलाय. निषेध लिहिला की पुढं मोर्चा आलाच. आणि क्रोध तर कथेतल्या ऋषींना येतो, आगाराला लिहिलेल्या पत्रात कुणाला येत नाही."

कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, हिला राग तर खूप आला असंल ना?"

मॅडम म्हणाल्या, "आला असेल. तो सगळा पत्रात ओतायचा नसतो. पहिल्याच पत्रात संताप वापरला आणि बस नाही थांबली, तर दुसऱ्या पत्रात काय लिहिणार? अत्यंत संताप? त्यानं काही वाढत नाही. वरचा शब्द शिल्लक ठेवायचा. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की यांच्याकडं अजून एक पायरी आहे. आणि भावनेचा शब्द एकदाच. बाकी जागा तारखांना द्या."

तारखा मिळवणं अवघड नव्हतं. घरी बसले ते पाच-सहा दिवस सोडले, तर पहिल्या तासाची माझी गैरहजेरी ज्या ज्या दिवशी लागली होती, ते ते दिवस बस न थांबल्याचे. मॅडमनी हजेरीवरनं त्या सांगितल्या आणि मी उतरून घेतल्या. नाना बाहेर झाडाखाली वाट बघत होते.

खरी बोलाचाली घरी झाली. मी चुलीजवळ बसून पत्र लिहिलं आणि नानांना वाचून दाखवलं. बस, वेळ, तारखा इथपर्यंत ते मान हलवत होते. मंग आलं, याबद्दल आम्ही तीव्र नाराजी व्यक्त करतो.

"ते तीव्र काढ," नाना म्हणाले.

"का?"

"त्या पत्रात बी तीव्र होतं. तीव्र लाट. जमादार परत येईल."

"लाट काढली ना मी. आंदोलन बी न्हाई."

"तरी काढ. लिही, थोडी गैरसोय होती. आमचा काही राग न्हाई. साहेब मानूस चांगला हाय."

"साहेब चांगला हाय म्हणून बस थांबली का?" मी म्हणाले. "आन् राग न्हाई कसं लिहू? राग हाय. खोटं लिहायचं का?"

"खोटं न्हाई. कमी लिही."

"कमीच लिहिलंय नाना. मला जेवढा आलाय त्याच्या निम्मा पण न्हाई यात."

माय भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "नुसतं नाराज लिव्हलं तर?"

"नुसती नाराजी तर भाजीत मीठ कमी पडलं तरी येती."

"आमच्या पिलाटवर तसं नव्हतं," माय म्हणाली. आणि तिनं प्लॉटमालकाची गोष्ट सांगितली. एका हंगामात त्यानं बायांची चहाची सुट्टी बंद केली. कुणी भांडलं नाही. मुकादमाच्या हातनं एवढंच कळवलं, बाया नाराज हायेत. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आला, कारण सकाळी बायांनी हात आखडला असता तर त्याची फुलं वाया गेली असती. "आमी नुसतं नाराज म्हणलो तरी त्याला तीव्र ऐकू आलं," माय म्हणाली. "तुमच्या हातात तसलं काय हाय? तुमी न्हाई चढल्या तर बशीचं काय आडतं?"

काही नव्हतं. आम्ही चढलो नाही तर गाडी उलट वेळेवर पोचत होती. नानांनी मायकडं बघितलं, मंग कागदाकडं.

"मंग राहू दे तीव्र," ते म्हणाले. "पण येकदाच."

"एकदाच हाय."

"आन् छेडण्यात येईल न्हाई."

"न्हाई."

"मंग शेवटाला काय हाय?"

मी वाचलं. पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास आम्हाला हे प्रकरण विभागीय कार्यालयाकडे न्यावे लागेल, तशी वेळ येऊ नये ही विनंती. नानांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "हे धमकी तर न्हाई ना?" मी म्हणाले, "न्हाई, हा जिना हाय. वरच्या साहेबाकडं जायचा." ते जरा हसले. खाली मी माझी सही केली. मला अठरा पूर्ण झाली होती आणि तक्रार माझी होती. मी कागद घडी घालायला घेतला तर नाना म्हणाले, "थांब." आणि माझ्या सहीखाली त्यांनी त्यांची केली, पालक म्हणून. मी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पत्र मी स्वतः आगारात नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. जमादार आले नाहीत. त्याच आठवड्यात एका सकाळी फाट्यावर खाकी कपड्यातले एक गृहस्थ उभे दिसले. ते तपासणीस होते. मी आणि पलीकडच्या वस्तीवरची, आम्ही दोघी त्यांच्यापासून जरा लांब. चुलत बहीण आलीच नव्हती. बस आली, ड्रायव्हरनं लांबून आम्हाला बघितलं, मंग त्यांना बघितलं, आणि गाडी बराबर आमच्यापुढं येऊन थांबली.

नंतर तपासणीस रोज नसायचे, पण बस थांबायची. कंडक्टरला बोलायचं ते तो बोलायचाच. आम्हाला बघून आत आवाज द्यायचा, "सरका जरा, तीव्र नाराजी चढून राह्यली." पहिले काही दिवस मला अपमान वाटला. मंग मी त्याला म्हणाले, "अजून वरचे शब्द बाकी हायेत काका." तो म्हणाला, "ठिव तुझ्यापाशीच." पुढं तो आमच्यासाठी जागा धरायला लागला, आणि तीव्र नाराजी हे माझं गाडीतलं नावच पडलं.

पत्रकारांनी पेपरात बातमी दिली. मथळा होता, संतप्त ग्रामस्थांच्या रेट्यापुढे आगार नमले. गिरणीवर नानांनी त्यांना विचारलं, "त्या पहिल्या पत्रावर तुमची सही का नव्हती हो?" ते म्हणाले, "मी पत्रकार नाना. मला तटस्थ राहावं लागतं." नाना म्हणाले, "बराबर हाय. जमादाराला तटस्थ मानूस सापडत न्हाई." गिरणीवाला हसून बेजार झाला. पत्रकारही हसले, पण त्यानंतर निवेदन घेऊन सहीला आमच्या घरी आले नाहीत.

चुलत बहिणीसाठी मी चुलत्यांकडं दोनदा गेले. बस थांबते आता, नोटिशीचं पुढं काही होत नाही, जमादारही तसंच म्हणाले होते, हे सगळं सांगितलं. चुलते म्हणाले, "भरती होऊन जाऊ दे, मंग बघू." भरती त्या वर्षी निघाली नाही. उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. आता ती संभाजीनगरला असते, तिचा मुलगा शाळेत जातो. आम्ही भेटतो तेव्हा त्या दिवसांबद्दल बोलत नाही. ज्या शब्दामुळं तिचं कॉलेज सुटलं, तो तिचा नव्हता आणि तिच्या वडलांचाही नव्हता. तो पत्रकारांच्या निवेदनातला छापील होता. एवढं मला कळतं.

आज मी जालना शहरात, नवीन जालना भागात, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते. शेतकऱ्यांच्या तक्रारी वाचून उत्तरं तयार करणं हा त्यातला मोठा भाग. पुष्कळ पत्रांच्या शेवटी आंदोलन छेडलेलं असतं. मी ते वाक्य बाजूला ठेवते आणि आधी फोन करून विचारते, कुठलं वाण, कुठली पेरणी, किती उगवलं. बहुतेक वेळा पलीकडचा माणूस कावलेला असतो. तसं तो पहिल्या दोन वाक्यांत सांगतोही.

त्या वर्षी माझी हजेरी भरली आणि मी परीक्षेला बसले. तीन वर्षांनी बी.ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. फाट्यावरचा विनंती थांबा पुढं नेहमीचा थांबा झाला, हात न करताही गाडी थांबते, आणि तिथून आता रोज सकाळी मुली कॉलेजला जातात.